पासपोर्टवरचा 'लेट' आणि कोशातली n, vt, obs ही अक्षरं

अनघा_म

आपल्या पासपोर्टच्या आत सुरुवातीलाच राष्ट्रपतींच्या नावाने एक विनंती छापलेली असते. तिच्या इंग्रजी मजकुरात 'टु पास फ्रीली विदाउट लेट ऑर हिंड्रन्स' असे शब्द आहेत आणि हिंदी मजकुरात त्या जागी 'बिना रोक-टोक' आहे. 'लेट' म्हणजे 'करू देणे' हे शाळेपासून पाठ. तो अर्थ इथे घातला तर वाक्य उलटंच होतं, जाऊ न देता जाऊ द्या असं काहीतरी.

कोश उघडला तर 'लेट' दोनदा सापडला. एकाच्या डोक्यावर बारीक 1, दुसऱ्याच्या 2. आणि मग n, vt, vi, arch अशी अक्षरं पेरलेली. पुस्तकाच्या सुरुवातीला यादी असते ती बघितली. पण तिथे फक्त अक्षराचं लांब रूप दिलंय. ते कळल्यावर नोंद वाचताना त्याचं करायचं काय, हे कुठेच नाही. arch आणि obs हे दोन वेगळे का ठेवलेत तेही कळलं नाही. कोणी नीट सांगेल का?

पेठकर

यात अवघड काय आहे? n म्हणजे नाम, adj विशेषण, vt सकर्मक क्रियापद, vi अकर्मक. arch आणि obs म्हणजे जुने, मेलेले शब्द. ते दिसले की ओलांडून पुढच्या अर्थावर जायचं. आजच्या वापरातला अर्थ तोच. कोश वाचायला एवढं पुरतं.

गुळांबा

Obs म्हणजे आमच्याकडे प्रसूती विभाग, आणि रात्रपाळीच्या कागदावर असेल तर दर चार तासांनी बीपी-ताप बघून लिहायचं. 😄 तेव्हा obs ओलांडून पुढे जाऊ नका एवढीच विनंती.

अनघा_म

गुळांबा, धागा शब्दकोशाबद्दल आहे हो! पेठकर, arch ओलांडायचं तर पासपोर्टचं वाक्य लागत नाही ना. तीच तर अडचण आहे.

बोरूबहाद्दर

पेठकरांनी अक्षरांचे अर्थ बरोबर सांगितलेत, ओलांडायचा सल्ला मात्र चुकीचा आहे. अनघाताई, तुमचाच 'लेट' घेऊ. कुठल्या एका कोशातली नाही, पण बहुतेक इंग्रजी कोशांतली मांडणी साधारण अशी असते:

```
let¹  vt  1 allow  2 give on rent
      vi  be given on rent
let²  n   1 obstruction  2 (tennis) stroke to be replayed
      vt  (arch) hinder
```

डोक्यावरचे 1 आणि 2 हे अर्थाचे क्रमांक नाहीत. ते दोन वेगळे शब्द आहेत, योगायोगाने स्पेलिंग एक झालेले. पहिला जुन्या इंग्रजीतल्या 'लेटान'सारख्या रूपातून आला, त्याचा अर्थ सोडणे, राहू देणे. दुसरा वेगळ्या क्रियापदातून आला, त्याचा अर्थ उशीर करवणे, अडवणे. 'उशीर' या अर्थाच्या 'लेट'शी त्याचं नातं आहे. शतकानुशतकं उच्चार घासत गेले आणि दोघे एकसारखे दिसू लागले. अर्थाचे क्रमांक आत असतात, ओळीवर, साध्या आकारात. या दोन प्रकारच्या आकड्यांची गल्लत झाली की पुढचं सगळं चुकतं.

आता नोंद वाचायची ती कोशापासून नव्हे, वाक्यापासून. 'विदाउट'नंतर 'लेट' आलाय, आणि 'ऑर'ने तो 'हिंड्रन्स'ला जोडलाय. 'हिंड्रन्स' नाम आहे, 'विदाउट'लाही नामच लागतं. म्हणजे कोश उघडण्याआधीच ठरलं की आपल्याला n हवाय. let¹ मध्ये वर दाखवलंय त्या अर्थाचा n नाहीच. (ब्रिटनमध्ये 'भाड्याने दिलेली जागा' या अर्थाने एक n चालतो, तो या वाक्यात बसत नाही.) let² मध्ये n आहे, पहिला अर्थ अडथळा. झालं काम. 'बिना रोक-टोक' हे बरोबर भाषांतर आहे.

आणि arch कुठे बसलंय ते बघा. ते vt च्या मागे आहे, n च्या नाही. म्हणजे 'अडवणे' हे क्रियापद जुनं झालं, 'अडथळा' हे नाम अजून जिवंत आहे. टेनिसमध्ये सर्व्हिस जाळीला लागून पलीकडे पडली की पंच 'लेट' पुकारतो, तो हाच. पेठकरांच्या पद्धतीने arch दिसलं की अख्खी नोंद ओलांडली असती तर हवा तो अर्थही त्यासोबत गेला असता.

पेठकर

नाम जिवंत, क्रियापद मेलं, मान्य. पण मग मेलेलं क्रियापद कोशात ठेवलंच कशाला? कोण वापरणार आहे?

बोरूबहाद्दर

वापरायला नाही, वाचायला. 'हॅम्लेट'च्या पहिल्या अंकात भूत हॅम्लेटला हाताने बोलावतं आणि सोबती त्याला धरून ठेवतात. तेव्हा तो म्हणतो, 'आय विल मेक अ घोस्ट ऑफ हिम दॅट लेट्स मी.' इथे 'लेट्स'ला कर्ता आहे, कर्म आहे, म्हणजे vt. पण let¹ चा vt लावला तर 'जो मला जाऊ देईल त्याचं भूत करीन' असा अर्थ होतो, आणि सोडणाऱ्यालाच मारायची धमकी होते. let² चा vt, arch: 'जो मला अडवील त्याचंच भूत करीन.' प्रसंगाला हाच बसतो.

arch आणि obs लिहिणाऱ्याला सांगतात 'इथे येऊ नका' आणि वाचणाऱ्याला सांगतात 'मजकूर जुना असेल तर इथेच या'. तुम्ही कोणत्या बाजूने कोश उघडलाय त्यावर त्याच खुणेचा अर्थ बदलतो.

अनघा_म

हे फारच उपयोगी. आता arch आणि obs मधला फरक सांगाल का?

बोरूबहाद्दर

प्रत्येक कोश आपली रेषा आपण आखतो, म्हणून सुरुवातीची टीप वाचावी लागते. मेरियम-वेबस्टरचा कॉलेजिएट कोश तर सरळ साल देतो. 1755 नंतर ज्या अर्थाच्या वापराचा पुरावा नाही तो obs. पूर्वी सर्रास चालत होता पण आज तुरळक किंवा खास संदर्भातच आढळतो तो archaic. 1755 हे जॉन्सनच्या कोशाचं साल आहे, म्हणून तिथे रेषा.

त्याच टिपेत आणखी एक गोष्ट आहे जी लोकांच्या नजरेतून सुटते. obs हा शेरा शब्दावर असतो, वस्तूवर नाही. वस्तू कालबाह्य झाली असेल तर ते व्याख्येतच सांगतात, 'पूर्वी वापरात असलेले अमुक' असं. आपल्याकडे दशमान नाणी 1957 मध्ये आली आणि आणे हिशेबातून गेले. पण 'सोळा आणे खरं' आजही बोललं जातं. नाणं गेलं, शब्द राहिला. अशा शब्दावर obs लागत नाही.

ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात obs बरोबर शब्दाआधी † अशी कट्यार छापतात. तिथे 'Obs. exc. dial.' असंही भेटेल, म्हणजे प्रमाण भाषेतून गेला, बोलीत आहे. आणि rare⁻¹, rare⁻⁰ अशा खुणा. पहिलीचा अर्थ वापराचं एकच उदाहरण मिळालं, दुसरीचा अर्थ लेखनात एकही नाही, फक्त आधीच्या कोशांनी नोंदलाय. rare⁻⁰ असलेला शब्द कुठल्या कथेत सापडला तर लेखकाने तो कोशातूनच उचलला असण्याची शक्यता दांडगी.

श्रुती_ड

मी इंग्रजी शिकवते, त्यामुळे माझं obs शी फारसं देणंघेणं नाही. पण vt कडे कोणी बघत नाही हे रोजचं दुखणं. सगळ्यांना vt म्हणजे सकर्मक हे तोंडपाठ असतं, आणि तरी अर्जात 'डिस्कस अबाउट' येतंच. 'डिस्कस'पुढे कोशात vt आहे. म्हणजे क्रियापद थेट कर्म घेतं, मध्ये 'अबाउट' नको. 'वुई डिस्कस्ड द प्लॅन', संपलं. मराठीत आपण योजने'बद्दल' चर्चा करतो, म्हणून 'अबाउट' घसरून येतो.

याहून चांगलं उदाहरण 'रिक्वेस्ट'. कोशात त्याला n पण आहे आणि vt पण. n असताना 'फॉर' लागतं: 'अ रिक्वेस्ट फॉर लीव्ह'. vt असताना लागत नाही: 'आय रिक्वेस्टेड लीव्ह'. लोक n बरोबर शिकलेलं 'फॉर' vt ला चिकटवतात आणि 'रिक्वेस्टेड फॉर लीव्ह' लिहितात. शब्द तोच, अर्थ तोच, पण n च्या ओळीतलं vt च्या ओळीत आणायचं नाही. कोशात त्या दोन ओळी वेगळ्या छापल्यात त्याचं हेच कारण.

vt आहे का हे कोश हाताशी नसताना तपासायचं असेल तर वाक्य कर्मणी करून बघा. 'द प्लॅन वॉज डिस्कस्ड' होतं. 'द स्टेशन वॉज अराइव्ह्ड' होत नाही, कारण 'अराइव्ह' vi आहे, त्याला 'अ‍ॅट' लागतं. 'हॅव', 'कॉस्ट' यांसारखी थोडी क्रियापदं या कसोटीत फसवतात, बाकी बहुतेक वेळा चालते.

पेठकर

मग 'एक्स्प्लेन' vt आहे. 'एक्स्प्लेन मी द प्रॉब्लेम' मध्ये थेट कर्म आहे, 'टु' नाही. तुमच्या नियमाने बरोबर झालं पाहिजे. पण ते चूक धरतात. आता बोला.

श्रुती_ड

चांगला मुद्दा आहे, खरंच. vt एवढंच सांगतं की कर्म लागतं. कोणतं कर्म, एक की दोन, त्यांचा क्रम काय, हे vt सांगत नाही. 'एक्स्प्लेन'चं कर्म म्हणजे समजावलेली गोष्ट. ज्याला समजावलं तो 'टु' घेऊन येतो: 'एक्स्प्लेन द प्रॉब्लेम टु मी'. 'टेल' पण vt, पण त्याला 'टेल मी द स्टोरी' चालतं. दोघांपुढे तेच vt, वागणूक वेगळी.

ही उणीव ओळखूनच हॉर्न्बींच्या लर्नर्स कोशात क्रियापदांचे साचे दिले. 1974 च्या आवृत्तीत VP6A वगैरे आकडे होते, ते कोणालाच लक्षात राहायचे नाहीत. पुढच्या आवृत्त्यांनी साचे सरळ उघड लिहिले. ऑक्सफर्डच्या 1998 च्या मोठ्या एकखंडी कोशाने तर vt, vi काढून 'कर्मासह', 'कर्माविना' असंच इंग्रजीत लिहिलं. म्हणून लिहिण्यासाठी कोश बघत असाल तर vt वर थांबू नका, खालचं उदाहरणवाक्य वाचा. वाचण्यासाठी बघत असाल तर vt पुरतं.

प्रवासी_पक्षी

थोडी वेगळी अडचण. इथे न्यू जर्सीत मुलांना मराठी शिकवतो. शब्दांची लिंगं सांगताना माझीच गडबड होते, म्हणून शिकागो विद्यापीठाच्या साइटवरचा मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश उघडतो. 'घर'पुढे n, 'पुस्तक'पुढे n, ठीक, नाम. पण 'नदी'पुढे f आहे आणि n नाहीच! नदी नाम नाही का? काही शब्दांत n विसरलेत की मजकूर चढवताना गाळले गेलेत?

पेठकर

जुनं छापील पुस्तक टंकताना असं होतंच. दुर्लक्ष करा.

बोरूबहाद्दर

नाही हो, काही गाळलेलं नाही. मोल्सवर्थमध्ये n म्हणजे नपुंसकलिंग. m पुल्लिंग, f स्त्रीलिंग, n नपुंसकलिंग. लिंग दिलं म्हणजे तो शब्द नाम आहे हे आलंच, वेगळं सांगायची गरज त्यांना वाटली नाही. ते घर, ते पुस्तक, ती नदी. तुम्हाला जे हवं होतं ते नेमकं त्या अक्षरात आहे, तुम्ही ते ऑक्सफर्डच्या सवयीने वाचलंत.

इंग्रजी नामांना व्याकरणातलं लिंग नाही, म्हणून इंग्रजी कोशात n हे अक्षर नामासाठी मोकळं होतं. मराठी, संस्कृत, जर्मन, लॅटिन यांच्या कोशांत n बहुधा नपुंसकलिंगाचाच असतो.

मोल्सवर्थ वाचताना आणखी एक सापळा आहे. तुम्हाला अशी ओळ दिसेल:

```
गरीब  garība  a  ( A)  Poor
```

लहान a म्हणजे विशेषण. कंसातला मोठा A म्हणजे अरबीतून आलेला. त्याच जागी S असेल तर संस्कृत, P असेल तर फारसी, H असेल तर हिंदी. छापील पानावर व्याकरणाची अक्षरं तिरप्या ठशात असल्याने वेगळी उठून दिसतात. मजकूर कॉपी करून दुसरीकडे चिकटवला की तिरपेपणा जातो आणि a हे इंग्रजी 'अ पुअर' मधलं उपपद वाटायला लागतं. मग ad हे 'जाहिरात' वाटतं, ते क्रियाविशेषण आहे.

आणि vt तिथे शोधत बसू नका. 'मारणें', 'खाणें' यांसारख्या सकर्मक क्रियापदांपुढे v c भेटेल, अकर्मकांपुढे v i.

प्रवासी_पक्षी

बापरे. म्हणजे मी पोरांना 'घर n' चा तक्ता नाम म्हणून दिलाय. उद्याच बदलतो. पण मग फोनवरच्या अ‍ॅपमध्ये तर इंग्रजी-मराठी आणि मराठी-इंग्रजी दोन्ही एकत्र असतात, आणि यादी कुठेच नसते. तिथे n कोणता हे कसं ओळखायचं?

बोरूबहाद्दर

ज्याचं लिंग तुम्हाला पक्कं माहीत आहे असा स्त्रीलिंगी शब्द शोधा, 'नदी' किंवा 'मुलगी'. पुढे f आलं तर त्या कोशातला n नपुंसकलिंगाचा. पुढे n आलं तर तो नामाचा, आणि लिंगासाठी तो कोश निरुपयोगी. 'घर' शोधून ही परीक्षा करू नका, तिथे दोन्ही पद्धतींत n च येणार.

एकच अ‍ॅप दोन-तीन कोशांचा मजकूर एकत्र ओतत असेल तर एकाच पडद्यावर दोन्ही n दिसू शकतात. तेव्हा स्रोत कोणता लिहिलाय ते बघून प्रत्येकाची परीक्षा वेगळी करावी लागते.

कट्यार

दाते-कर्व्यांच्या महाराष्ट्र शब्दकोशात हाच घोळ देवनागरीत होतो. तिथे पु., स्त्री., न. अशी लिंगं आहेत आणि वि. म्हणजे विशेषण, ते कळतं. पण कंसात (ना.) दिसलं की शाळेतल्या सवयीने 'नाम' वाचलं जातं. ते 'नागपुरी' आहे. (व.) वऱ्हाडी, (गो.) गोमंतकी, (राजा.) राजापुरी. म्हणजे तो शब्द किंवा तो अर्थ त्या भागातला. कथेत सातारच्या पात्राच्या तोंडी (राजा.) असलेला शब्द घालून ठेवणारे लेखक आहेत. कंसातलं वाचलं असतं तर टळलं असतं.

चौकोनी कंसातलं [सं.], [फा.] हे व्युत्पत्तीचं. गोल आणि चौकोनी कंस सारखे समजू नका. (ल.) म्हणजे लाक्षणिक.

अनघा_म

आधीच्या चर्चेतलं एक अजून अडकलंय. 'लेट'मध्ये arch हे vt च्या मागे होतं म्हणून फक्त त्याला लागू. पण एका vt खाली पाच अर्थ असतील आणि obs मध्येच कुठेतरी असेल तर ते कुठून कुठपर्यंत धरायचं?

कट्यार

खुणेच्या पुढचं सगळं. साधा नियम.

बोरूबहाद्दर

कट्यार, तसं धरलंत तर काही कोशांत उलटं होईल. 'नाइस' या विशेषणाला पूर्वी 'स्वैराचारी' असाही अर्थ होता. दोन पद्धतींच्या कोशांत तो कसा दिसतो याचा हा नमुना:

```
nice  adj  1 obs : wanton   2 : fussy   3 : pleasing
nice  adj  pleasing; fussy; wanton (obs); precise
```

पहिली पद्धत वेबस्टर घराण्याची. खूण अर्थाच्या आधी येते आणि त्या क्रमांकापुरती चालते. 2 आला की obs संपलं. खूण क्रमांक 1 च्याही आधी, adj ला लागून असेल तर मात्र सगळ्या क्रमांकांना लागू.

दुसरी पद्धत चेम्बर्सची. अर्थांना क्रमांक नाहीत, अर्धविरामाने तोडलेत, आणि खूण अर्थाच्या मागे येते. इथे 'पुढचं सगळं' हा नियम लावला तर चांगला चालता 'नेमका' हा अर्थ obs ठरेल आणि 'स्वैराचारी' जिवंत ठरेल. चेम्बर्समध्येही खूण adj नंतर लगेच, पहिल्या अर्थाच्या आधी असेल तर ती सगळ्यांना लागते.

आपला कोश कोणत्या पद्धतीचा हे ओळखायला 'नाइस' उघडा. obs ची खूण 'वॉन्टन'च्या डाव्या बाजूला आहे की उजव्या, एवढं बघा.

यातच आणखी एक गोष्ट दिसते. वेबस्टरमध्ये obs अर्थ पहिल्या क्रमांकावर का? कारण ते अर्थ ऐतिहासिक क्रमाने लावतात, सर्वांत जुना आधी. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाचंही तसंच. विद्यार्थ्यांचे कोश वापरातला अर्थ आधी देतात. ऐतिहासिक क्रमाच्या कोशात 'पहिला अर्थ तो मुख्य' असं धरून भाषांतर केलं की 'अ नाइस यंग मॅन'चा स्वैराचारी तरुण होतो.

श्रुती_ड

आणि 'अ नाइस डिस्टिंक्शन' चा 'छान फरक'. तो 'बारीक, सूक्ष्म फरक' आहे, आणि तो अर्थ obs नाही, आजच्या संपादकीयात भेटतो. obs नसलेला पण सवयीचाही नसलेला अर्थ सगळ्यांत जास्त फसवतो, कारण त्याच्यावर काहीच खूण नसते.

कट्यार

बोरूबहाद्दर, उघडून बघितला. माझ्याकडचा मागे-खूणवाला निघाला. शब्दकोडी सोडवताना obs म्हणून टाकून दिलेले अर्थ आता परत बघावे लागणार.

पेठकर

सगळं वाचलं. आता माझा प्रश्न. obs ची रेषा 1755 म्हणता, ऑक्सफर्डचा पहिला खंड-भाग 1884 चा, मोल्सवर्थची दुसरी आवृत्ती 1857 ची. त्या दिवशी जो शब्द चालू होता त्याच्यापुढे खूण नाही. तो आज मेलेला असू शकतो. म्हणजे खूण नाही म्हणून शब्द जिवंत, असं म्हणता येत नाही. मग तुमच्या या खुणांवर विसंबायचं किती?

बोरूबहाद्दर

पूर्ण बरोबर आहे तुमचं. obs असलेला शब्द सहसा परत उठत नाही, तेव्हा खूण असेल तर जुन्या कोशावरही विश्वास ठेवता येतो. खूण नसेल तर ती फक्त त्या आवृत्तीच्या सालापुरती साक्ष. म्हणून आधी मलपृष्ठ नव्हे, आतलं आवृत्तीचं पान बघायचं. पुनर्मुद्रणाचं साल धरू नका. मोल्सवर्थ 1975 मध्ये पुण्यात परत छापला गेला, पण आतला मजकूर 1857 चाच.

कट्यार

मराठीत मग आज कोणता शब्द obs हे ठरवायचं कोणी? आमच्याकडे घाटाखाली रोज बोलला जाणारा शब्द पुण्यातल्या संपादकाला मेलेला वाटतो.

पेठकर

पुण्यातल्या संपादकाला बराच काही मेलेला वाटतो. 😄

बोरूबहाद्दर

म्हणूनच 'बोलीत सोडून obs' अशी जोडखूण लागते, आणि ती लावायला दर जिल्ह्यातून वापराचे पुरावे लागतात, सालासकट. पत्रं, वर्तमानपत्रं, बाजाराच्या पावत्या, ध्वनिमुद्रणं. संपादकाच्या कानावर ती खूण लावता येत नाही.

प्रवासी_पक्षी

तक्ता बदलला. मुलीने लगेच विचारलं, 'बाबा, मग मूल n आणि मुलगी f कसं?' v c वर अजून आलेलो नाही. त्यातला c कशाचा ते कोणी सांगेल का?

श्रुती_ड

मूल न., मुलगा पु., मुलगी स्त्री. तिन्ही अक्षरं एका घरात सापडली की तुम्हाला. v c साठी पुस्तकाच्या सुरुवातीची खुणांची यादी स्कॅनमध्ये असेल, ती उघडा. साइटच्या शोधपेटीत ती येत नाही, सुरुवातीची पानं वेगळी बघावी लागतात.